मोजमापातले सार्थक अंक आणि गुणाकारात वाढत जाणारी त्रुटी



घनफळाचा पाठ शिकवताना आपण मुलांना लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करायला लावतो. मुले गुणाकार बरोबर करतात, दशांशचिन्हही जागेवर देतात आणि उत्तराखाली दोन रेघा मारतात. पण ती मापे जर टेप धरून घेतलेली असतील, तर उत्तरातले सगळे अंक खरे असतात का? आज एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन हा प्रश्न समजून घेऊ.

उदाहरण : शाळेच्या टाकीत पाणी किती?

समजा शाळेत पाण्याची एक आयताकृती सिमेंटची टाकी आहे. मुलांनी टेपने आतून मापे घेतली. लांबी १.२४ मीटर, रुंदी ०.८६ मीटर आणि पाण्याची उंची ०.७३ मीटर आली. शाळेत १५४ मुले आहेत. प्रत्येकी ५ लीटर धरले तर दिवसाला ७७० लीटर पाणी लागेल. टाकीतले पाणी दिवसभर पुरेल का?

१.२४ × ०.८६ = १.०६६४

१.०६६४ × ०.७३ = ०.७७८४७२ घनमीटर

एक घनमीटर म्हणजे १००० लीटर. म्हणजे उत्तर आले ७७८.४७२ लीटर. लागणार ७७०, आहेत ७७८. मुले लगेच म्हणतील, "पुरेल! वर आठ लीटर उरेल."

इथेच थांबायचे. ७७८.४७२ मधला शेवटचा २ म्हणजे २ मिलिलीटर, चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी पाणी. टेपने मापे घेऊन एवढ्या मोठ्या टाकीतले अर्ध्या चमच्याएवढे पाणी आपल्याला कळले, असे हे उत्तर सांगते आहे. हे काही पटण्यासारखे नाही.

माप म्हणजे एक संख्या नव्हे, एक पट्टा

मुलांनी लांबी १.२४ मीटर लिहिली, म्हणजे टेपवर १२४ सेंटिमीटरची खूण सर्वांत जवळ होती. खरी लांबी १२३.५ ते १२४.५ च्या मध्ये कुठेही असू शकते. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर सूट आहे. या सुटीला आपण त्रुटी म्हणतो. त्रुटी म्हणजे मुलांची चूक नाही, हे वर्गात स्पष्ट सांगा. कितीही काळजीपूर्वक मोजले तरी टेपच्या खुणांपेक्षा बारीक माहिती टेप देणार नाही.

आता तिन्ही मापे आपल्या पट्ट्यात सर्वांत लहान आहेत असे धरू.

१.२३५ × ०.८५५ × ०.७२५ म्हणजे सुमारे ७६५.५ लीटर.

आणि तिन्ही सर्वांत मोठी आहेत असे धरू.

१.२४५ × ०.८६५ × ०.७३५ म्हणजे सुमारे ७९१.५ लीटर.

म्हणजे टाकीत ७६५ ते ७९१ लीटरच्या दरम्यान पाणी आहे, एवढेच आपल्याला माहीत आहे. ७७८ च्या दोन्ही बाजूंना १३-१३ लीटरची सूट. गरज ७७० लीटरची होती, आणि ७७० हा आकडा या पट्ट्याच्या आतच पडतो. त्यामुळे खरे उत्तर "पुरेल" असे नाही. ते "या मापांवरून सांगता येत नाही, थोडे पाणी जास्त भरून ठेवा" असे आहे. मुले १५० असती आणि गरज ७५० लीटर असती, तर मात्र छातीठोकपणे "पुरेल" म्हणता आले असते, कारण कमीत कमी पाणीसुद्धा ७६५ लीटर आहे.

गुणाकारात त्रुटी कशी पुढे जाते?

प्रत्येक वेळी लहान आणि मोठा असे दोन गुणाकार करत बसायची गरज नाही. त्यासाठी एक सोपी रीत आहे, आणि ती चित्रावरून कळते.

आधी फक्त टाकीचा तळ घ्या. फळ्यावर १२४ × ८६ चा आयत काढा. क्षेत्रफळ १०६६४ चौरस सेंटिमीटर. आता रुंदी अर्धा सेंटिमीटर वाढली तर काय होईल? लांबीच्या बाजूने एक चिंचोळी पट्टी वाढेल. तिचे क्षेत्रफळ १२४ × ०.५ = ६२. लांबी अर्धा सेंटिमीटर वाढली तर दुसरी पट्टी वाढेल, ८६ × ०.५ = ४३. कोपऱ्यात एक इवलासा चौरस उरतो, ०.५ × ०.५ = ०.२५. तो इतका लहान आहे की सोडून दिला तरी चालतो.

आता या पट्ट्या मूळ क्षेत्रफळाच्या शेकडा किती आहेत ते पाहा. ६२ म्हणजे १०६६४ च्या सुमारे ०.५८ टक्के. आणि रुंदीतली त्रुटी? ८६ मध्ये ०.५, म्हणजे तीही ०.५८ टक्केच! तसेच ४३ म्हणजे ०.४० टक्के, आणि १२४ मध्ये ०.५ सुद्धा ०.४० टक्के. म्हणून नियम असा मिळतो : मापांचा गुणाकार करताना त्यांच्या शेकडा त्रुटींची बेरीज होते.

उंचीतली त्रुटी ७३ मध्ये ०.५ म्हणजे ०.६८ टक्के. तिन्हींची बेरीज :

०.४० + ०.५८ + ०.६८ = १.६६ टक्के

७७८ चे १.६६ टक्के म्हणजे सुमारे १३ लीटर. मघाशी दोन लांबलचक गुणाकार करून जे मिळाले होते, तेच इथे एका बेरजेत मिळाले.

इथे मुलांना एक गोष्ट दाखवून द्या. सेंटिमीटरमध्ये तिन्ही त्रुटी सारख्याच, अर्ध्या-अर्ध्याच होत्या. पण शेकडा त्रुटी सर्वांत लहान मापाची सर्वांत जास्त आली. संध्याकाळी टाकीत फक्त ८ सेंटिमीटर पाणी उरले असेल, तर तोच अर्धा सेंटिमीटर ६ टक्क्यांहून जास्त होतो. म्हणून जे माप लहान, तेच जास्त बारकाईने घ्यावे. शक्य असेल तर ते मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने मोजावे.

ही बेरीज म्हणजे जास्तीत जास्त किती चूक होऊ शकते याचा हिशेब आहे, हेही लक्षात ठेवा. प्रत्यक्षात एक माप थोडे जास्त आणि दुसरे थोडे कमी येऊन त्रुटी काही प्रमाणात एकमेकींना खाऊन टाकतात. पण पाणी पुरेल का, असा प्रश्न असेल तेव्हा वाईटात वाईट धरूनच चालणे बरे.

मग उत्तर किती अंकांत लिहायचे?

मापातले जे अंक खरोखर मोजून आले आहेत त्यांना सार्थक अंक म्हणतात. १.२४ मध्ये तीन सार्थक अंक आहेत. ०.८६ आणि ०.७३ मध्ये दोन-दोन. सुरुवातीचे शून्य फक्त दशांशचिन्हाची जागा दाखवते, ते धरायचे नाही. खात्री करायची असेल तर ०.८६ मीटर हे ८६ सेंटिमीटर असे लिहून पाहा. शून्य नाहीसे होते, माप तेच राहते.

गुणाकाराचा साधा नियम असा : ज्या मापात सर्वांत कमी सार्थक अंक आहेत, तेवढेच अंक उत्तरात ठेवायचे. इथे ते दोन आहेत. म्हणून उत्तर ०.७८ घनमीटर, म्हणजे सुमारे ७८० लीटर.

१००० लीटरमधला १००० मात्र या मोजणीत धरू नका. ती व्याख्या आहे, मोजलेले माप नाही. १५४ मुलेही मोजून १५४ च आहेत, साडेत्रेपन्न-चोपन्न नाहीत. अशा संख्यांत त्रुटी नसते.

सार्थक अंकांचा नियम हा ढोबळ नियम आहे. ०.९८ मध्ये दोन अंक आणि १.०२ मध्ये तीन, पण दोन्ही मापांतली शेकडा त्रुटी जवळपास सारखीच असते. आपल्या उदाहरणातही नुसते ७८० वाचून १३ लीटरची सूट कळत नाही. निर्णय काठावरचा असेल तेव्हा शेकडा त्रुटीच काढावी.

राउंड केव्हा करायचे?

फक्त शेवटी. हे मुलांकडून पक्के करून घ्या. समजा एखाद्याने तळाचे क्षेत्रफळ १.०६६४ काढले आणि "दोनच अंक ठेवायचे" म्हणून लगेच १.१ केले. पुढे १.१ × ०.७३ = ०.८०३, म्हणजे ८०३ लीटर! हा आकडा ७६५ ते ७९१ च्या पट्ट्याच्या बाहेर गेला. मापे बरोबर, गुणाकार बरोबर, तरी उत्तर चुकले. टेपमुळे क्षेत्रफळात सुमारे १ टक्का त्रुटी होती, आणि मध्येच राउंड केल्यामुळे त्यात ३ टक्क्यांहून जास्त भर पडली. मधल्या पायरीत निदान एक अंक जास्त ठेवावा. १.०७ × ०.७३ = ०.७८११, शेवटी ०.७८. उत्तर जागेवर येते.

राउंड करून न जाणारी चूक

वापरून वापरून टेपचे टोक फाटते आणि शून्याऐवजी १ सेंटिमीटरच्या खुणेपासून टेप सुरू होते. मग प्रत्येक माप १ सेंटिमीटर जास्त येते. आपल्या टाकीची खरी मापे तेव्हा १२३, ८५ आणि ७२ असतील आणि पाणी सुमारे ७५३ लीटरच. आपला ७६५ ते ७९१ चा पट्टा इथे उपयोगाचा नाही, कारण ही चूक कधी कमी कधी जास्त अशी होत नाही, ती नेहमी एकाच बाजूला होते. ओळखायची युक्ती सोपी आहे. तेच माप टेपच्या १० च्या खुणेपासून घ्या आणि वाचनातून १० वजा करा. दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले तर टेपचे टोक तपासा.

वर्गात करून पाहण्यासाठी

चार गटांना एकाच टाकीची किंवा पेटीची मापे वेगवेगळी घ्यायला सांगा. कॅल्क्युलेटरवरची चारही उत्तरे फळ्यावर जशीच्या तशी लिहा. पहिला, फार तर दुसरा अंक सगळ्यांचा जुळेल, पुढचे अंक जुळणार नाहीत. जिथून अंक जुळेनासे होतात, त्या रेषेपुढचे सगळे खोडून टाका. सार्थक अंक म्हणजे काय, हे मुलांना व्याख्या न सांगता कळेल.

पालकांनो, आणि पेपर तपासणाऱ्या मित्रांनो, एक विनंती. प्रत्यक्ष मोजमापाच्या उदाहरणात एखाद्या मुलाने ७७८.४७२ ऐवजी "सुमारे ७८० लीटर" लिहिले आणि रीत बरोबर असेल, तर त्याचा गुण कापू नका. मापात जेवढे होते तेवढेच त्याने लिहिले आहे.