ओठ मराठी, भुवया इंग्रजी

क्षयरोगाच्या औषधांविषयीचा एक इंग्रजी व्हिडिओ मराठीत आणायचा आहे, असं धरून चालू. डॉक्टर कॅमेऱ्याकडे पाहून सांगत आहेत, 'डू नॉट स्टॉप द मेडिसिन, ईव्हन इफ यू फील बेटर.' 'नॉट' म्हणताना त्यांची मान आडवी हलते आणि भुवया वर जातात. पुढचा अर्धा भाग ते जरा सौम्यपणे, समजुतीच्या सुरात बोलतात. क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात, पण रुग्णाला त्याच्या पुष्कळ आधी बरं वाटू लागतं. म्हणून सगळ्या व्हिडिओत महत्त्वाचं वाक्य हेच आहे.

मराठीत ते असं होईल : 'बरं वाटलं तरी औषध थांबवू नका.' भाषांतर चोख आहे. लांबीही जवळपास तेवढीच, तीन सेकंदांच्या आत बसणारी. आता हे वाक्य यंत्राकडून वदवून घ्यायचं, त्याला डॉक्टरांचाच आवाज द्यायचा आणि त्यांचे ओठ त्यावर हलवायचे.

सुरुवात मूळ आवाज उचलण्यापासून होते. ध्वनिपट्टीतून बोलणं एका बाजूला आणि संगीत, खोलीतले आवाज दुसऱ्या बाजूला काढतात. डीझर या फ्रेंच संगीत कंपनीने 2019 मध्ये खुलं केलेलं 'स्प्लीटर' याच कामाचं साधन आहे. ही वेगळवेगळ कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही. इंग्रजी शब्दांची शेपटं मागच्या थरात राहतात आणि शांत जागी भुतासारखी ऐकू येतात. उलट मागचा थर पूर्ण टाकून दिला, तर नवा आवाज खोलीत बोलल्यासारखा वाटतच नाही. डॉक्टर दवाखान्यात दिसतात आणि आवाज बंद कपाटातून येतो.

मग मराठी मजकूर वाचून दाखवणारं यंत्र येतं. ते आधी मजकूर उच्चारांत उलगडतं, त्या उच्चारांवरून आवाजाचा एक नकाशा तयार करतं (कोणत्या क्षणी कोणत्या कंपनांत किती जोर) आणि शेवटी त्या नकाशातून प्रत्यक्ष ध्वनी घडवतं. 2016 मध्ये डीपमाइंडच्या 'वेव्हनेट'ने ही शेवटची पायरी सेकंदाला 16,000 ध्वनिबिंदू एकामागून एक घडवून करून दाखवली, आणि यंत्राच्या आवाजातला पत्र्यासारखा खणखणाट तेव्हापासून ओसरत गेला. आज गाडं अडतं ते पहिल्याच पायरीवर.

देवनागरी लिपी मराठी आणि हिंदी दोघींची. यंत्राला शिकवलेला साठा हिंदीकडे झुकलेला असेल, तर मराठी मजकूर ते हिंदीच्या सवयीने वाचतं. 'ज्ञान'चं 'ग्यान' होतं, 'कृपया'चं 'क्रिपया', आणि 'फळ' म्हणताना ओठ मिटण्याऐवजी वरचे दात खालच्या ओठावर टेकल्याचा आवाज येतो. 'चार गोळ्या' आणि 'जनावरांचा चारा' यांतले दोन च वेगळे आहेत, हे लिपी सांगत नाही. ते ऐकून शिकावं लागतं. औषधाच्या बाबतीत आकडे त्याहून नाजूक. मजकुरात '1.5 गोळी' असेल तर 'दीड' असंच ऐकू यायला हवं, आणि 'मि.ग्रॅ.' हे दोन तुटक हुंकार होता कामा नयेत. जाणकार माणूस म्हणूनच यंत्राला देण्याआधी सगळी संहिता बोलल्याप्रमाणे लिहून घेतो : आकडे अक्षरांत, संक्षेप पूर्ण, वाक्यं आखूड. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त चुका इथेच वाचतात.

यानंतर आवाजाचं क्लोनिंग. डॉक्टरांच्या बोलण्याचा छोटा नमुना यंत्राला देतात. त्यातून ते आवाजाचा ठसा काढतं, म्हणजे काही शे आकड्यांची एक रांग, आणि नवं वाक्य घडवताना ती सोबत ठेवतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी 2023 मध्ये मांडलेल्या 'व्हॅल-ई'ला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. पण त्यामागे सुमारे 60,000 तासांच्या इंग्रजी बोलण्यावर झालेलं शिक्षण होतं. तीन सेकंदांत आवाजाची जात कळते, पोत कळतो. तो माणूस काळजीने बोलताना कुठे थांबतो, रागावला की शब्द कसा तोडतो, हे तीन सेकंदांत आलेलंच नसतं. ती जागा यंत्र इतरांच्या बोलण्याच्या सरासरीने भरतं, आणि म्हणूनच क्लोन केलेला आवाज ओळखीचा वाटूनही माणूस परका वाटतो.

नमुन्यात जे काही आहे ते सगळं ठशात उतरतं, हेही लक्षात ठेवायला हवं. नमुना घुमणाऱ्या खोलीत फोनवर घेतला असेल तर घुमणं येतं. नमुना इंग्रजीतला असेल तर इंग्रजी वळण येतं : ट पुरेसा मागे वळत नाही, 'भ'मधला हकार गळतो, 'ळ'चा 'ल' होतो. शक्य असेल तेव्हा त्या व्यक्तीकडून एक-दोन मिनिटं मराठीच वाचून घ्यावं, तोडकंमोडकं असलं तरी.

आता ओठ. भारतीय वाचकाला या थराची गोष्ट माहीत असायला हवी, कारण त्यातलं एक पायाभूत काम हैदराबादच्या ट्रिपल आयटीमधून आलं आहे. 2020 मध्ये तिथल्या संशोधकांनी 'वेव्ह-टू-लिप' मांडलं. त्याची रीत समजली की त्याच्या मर्यादाही आपोआप कळतात. यंत्राला चेहऱ्याची चौकट देतात, पण नाकाखालचा भाग पुसून. सोबत त्याच माणसाची दुसरी एक फ्रेम आणि सुमारे 0.2 सेकंदाचा आवाज. या आवाजाला शोभेल असा खालचा अर्धा चेहरा यंत्राने काढायचा. काढलेलं बरोबर की चूक, हे ठरवायला आधीच शिकवून ठेवलेला एक परीक्षक असतो. तो सलग पाच फ्रेम आणि त्यांचा आवाज पाहून जुळतं की नाही ते सांगतो. यंत्राला भाषा कळण्याची गरजच पडत नाही. ते शिकलं बीबीसीच्या इंग्रजी कार्यक्रमांवर, तरी मराठीवर चालतं, कारण 'ब'साठी ओठ सगळीकडे मिटतातच.

आपल्या वाक्यावर ते लावून पाहू. 'बरं'च्या सुरुवातीला ओठ मिटायला हवेत. 'थांबवू'मध्ये आधी पुन्हा मिटायला हवेत, आणि लगेच 'वू'साठी गोल व्हायला हवेत. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, आणि 'ब'साठी ओठ मिटलेले राहतात ते जेमतेम दोन-तीन फ्रेम. यंत्राची सवय गुळगुळीत करण्याची असल्यामुळे तेवढ्यात ओठ जवळ येतात पण टेकत नाहीत. बनवलेले ओठ तपासायचे असतील तर आवाज बंद करून प, फ, ब, भ, म यांच्याच जागा पाहाव्यात. दुसरी खूण दातांची. मूळ वेव्ह-टू-लिप चेहरा फक्त 96 बाय 96 ठिपक्यांत काढत असे. तो मोठ्या पडद्यावर ताणला की दात वेगवेगळे न दिसता पांढरी पट्टी दिसते. नव्या साधनांत ठिपके वाढले आहेत, दात सुधारले आहेत. तोंडासमोरून हात गेला, मान पूर्ण वळली किंवा दाढी दाट असली, की मात्र अजूनही हनुवटीची कड थरथरते.

हे दोष निव्वळ दिसण्यापुरते नाहीत. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी 1976 मध्ये दाखवून दिलं की आवाज 'बा' असला आणि ओठ 'गा'चे असले, तर पुष्कळ लोकांना 'दा' ऐकू येतं. चुकीचे ओठ ऐकलेला शब्दच बदलू शकतात. ज्यांना कमी ऐकू येतं ते तर ओठांवर बराच भरवसा ठेवतात, आणि क्षयाच्या रुग्णांत वयस्क माणसंही असतात. त्यांच्यासाठी अर्धवट जुळलेल्या ओठांपेक्षा ओठ न दाखवणं आणि खाली ठळक मराठी अक्षरं देणं कितीतरी प्रामाणिक.

आवाज आणि चित्र थोडे मागेपुढे झाले तरी गोंधळ होतो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला जाणवतं, पण उशिरा आला तर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. विजेनंतर गडगडाट ऐकायची आपल्या कानांना सवय आहे. त्यामुळे टाइमलाइनवर आवाज बसवताना शंका आली तर तो किंचित मागे सरकवावा, पुढे कधीच नको. वाक्यच लांब होत असेल तर वेग वाढवण्यापेक्षा शब्द कमी करावेत; 'रेझिस्टन्स' या एका शब्दाचं 'औषधाला दाद न देणारे जंतू' झालं, तर तेवढी जागा दुसऱ्या वाक्यातून काढावी लागते.

समजा हे सगळं नीट जमलं. 'ज्ञ' बरोबर, आवाज डॉक्टरांचा, 'ब'ला ओठ मिटलेले. तरी व्हिडिओ लावला की काहीतरी खटकतं. डॉक्टर 'बरं वाटलं' म्हणताना जोरजोरात नकारार्थी मान हलवतात, भुवया उंचावतात. आणि 'थांबवू नका' हे निर्णायक शब्द येतात तेव्हा चेहरा सौम्य झालेला असतो. इंग्रजीत नकार वाक्याच्या आरंभी होता, मराठीत तो शेवटी गेला. यंत्राने नाकाखालचं सगळं बदललं, नाकावरचं जसंच्या तसं ठेवलं. बघणाऱ्याला वाटतं की डॉक्टर बरं वाटण्यालाच नाही म्हणत आहेत. सगळ्यात मोठी अडचण मला ही वाटते, आणि अधिक ठिपके किंवा अधिक तास ओतून ती सुटणारी नाही, कारण ओठांचं यंत्र एका वेळी 0.2 सेकंद ऐकतं आणि नकार कुठे आहे हे पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही.

यावर भाषांतरकाराच्या हाती एक उपाय आहे. 'औषध थांबवू नका, बरं वाटलं तरीही,' असं वाक्य फिरवलं तर नकार मानेच्या जवळ येतो. बोली मराठीला हा क्रम चालतो. म्हणजे भाषांतर कागदावर संपवून यंत्राकडे पाठवण्याऐवजी चित्र समोर ठेवून करायला हवं, जसं डबिंगचे जुने लेखक करत आले. ते ओठांच्या मापाने शब्द निवडत. आता ओठ यंत्र बसवतं, तर मानेच्या मापाने निवडावेत.

कोणता थर माणसाकडे ठेवायचा, हेही ठरवता येतं. डेव्हिड बेकहॅम 2019 मध्ये मलेरियाविरोधी मोहिमेच्या एका जाहिरातीत नऊ भाषा बोलताना दिसले. त्यात ओठ यंत्राचे होते, पण आवाज क्लोन केलेला नव्हता. मलेरियातून वाचलेल्या आणि त्यावर काम करणाऱ्या माणसांचे खरे आवाज होते. आवाजाचा ठसा घ्यायचाच असेल तर तो परवानगीशिवाय घेता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही 2024 मध्ये गायक अरिजित सिंह यांना दिलेल्या अंतरिम आदेशात स्पष्ट केलं आहे. आपल्या क्षयाच्या व्हिडिओत मी डॉक्टरांचा चेहरा ओळख करून देण्यापुरता ठेवीन. गोळ्यांबद्दलचं प्रत्येक वाक्य गोळ्यांच्या पाकिटाच्या चित्रावर, मराठी आरोग्यसेविकेच्या स्वतःच्या आवाजात येईल.