जुन्या फोनमधली किल्ली

दसरा-दिवाळीला वाशी-नेरूळच्या मोबाइल दुकानांत जुना फोन देऊन नवा घेणाऱ्यांची गर्दी असते. दुकानदार जुना फोन रिसेट करून मागतो, आणि फोन पुसला की त्यातली सगळी गुपितेही गेली असे आपण समजतो. हे अर्धेच खरे आहे. किल्ली फोनमध्ये असते, पण कुलूप खात्याच्या सर्व्हरवर असते. फोन पुसल्याचे त्या कुलपाला कळत नाही. म्हणून खात्यातली नोंद आधी काढायची आणि फोन नंतर पुसायचा. मात्र ती नोंद नेमकी कशी काढायची, हे किल्ली कोणत्या जातीची आहे यावर ठरते.

पहिली जात ऑथेंटिकेटर अ‍ॅपची. नोंदणीच्या वेळी आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त संख्या असते. तिची एक प्रत सर्व्हरकडे राहते आणि दुसरी फोनमध्ये येते. पुढे दोघेही घड्याळाचे ३० सेकंदांचे तुकडे पाडतात आणि गुप्त संख्या व चालू तुकड्याचा क्रमांक यांच्या गणितातून सहसा सहा अंकी आकडा काढतात. या पद्धतीचे मानक २०११ साली आरएफसी ६२३८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. यात फोन सर्व्हरशी बोलतच नाही, त्यामुळे ती गुप्त संख्या किती फोनांत आहे हे सर्व्हरला कधीच कळत नाही. ‘एवढा एक फोन काढून टाका’ अशी सोय इथे नसते, ती यामुळेच.

नेरूळला राहणाऱ्या माझ्या आत्याने नवा फोन घेतला, तेव्हा हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. गूगलच्या अ‍ॅपमधल्या `Transfer accounts` या सोयीने तिने नोंदी नव्या फोनवर नेल्या होत्या. मी दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवले. दोन्हींवर एकाच क्षणी तेच सहा अंक दिसत होते, म्हणजे किल्ली हलली नव्हती, तिची फक्त नक्कल झाली होती. मग खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन `Change authenticator app` निवडले आणि नव्या फोनने नवा क्यूआर कोड स्कॅन केला. आता आकडे वेगळे झाले. खात्री म्हणून जुन्या फोनवरचा आकडा लॉगिनला टाकून पाहिला, तो नाकारला गेला, नव्याचा चालला. जुनी किल्ली खरोखर निकामी झाल्याचा हा पुरावा. अशा प्रत्येक खात्यासाठी हे स्वतंत्रपणे करावे लागते.

इथे एक सापळा आहे. अ‍ॅपमधली नोंद नुसती पुसली, तर खात्यावरचे कुलूप तसेच राहते आणि किल्ली तेवढी हरवते. शिवाय दोन्ही फोनांवरचे अ‍ॅप एकाच गूगल खात्याशी जोडलेले असेल, तर जुन्यावर पुसलेली नोंद नव्यावरूनही जाते.

दुसरी जात पासकीची. इथे गुपित दोघांत वाटलेले नसते. खासगी किल्ली आपल्याकडे राहते आणि सर्व्हरकडे फक्त तिची सार्वजनिक जोडी असते. खात्याच्या पानावर प्रत्येक पासकीची वेगळी ओळ दिसते, बहुधा तयार केल्याच्या तारखेसह. त्यामुळे एकच काढणे सोपे वाटते, पण ती ओळ म्हणजे एक फोन असेलच असे नाही. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर गेल्यास पासकी बहुधा क्लाउडमधून नव्या फोनवर आपोआप येते. दोन फोन आणि ओळ एकच. ती काढली तर नवा फोनही बाहेर! अशा वेळी ओळीला हात लावायचा नाही, जुन्या फोनला गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून साइन आउट करायचे.

अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला असेल, तर क्रम वेगळा. आधी नव्या फोनवर नवी पासकी तयार करावी आणि तिनेच एकदा लॉगिन करून पाहावे. मगच जुनी ओळ काढावी. गूगल खात्यात अँड्रॉइडने आपोआप बनवलेल्या पासकीपुढे काढण्याची खूण नसते. ती घालवायला उपकरणांच्या यादीतून त्या फोनला साइन आउट करावे लागते.

हे सगळे होईपर्यंत जुना फोन हातात हवा, कारण खात्याने मध्येच ओळख विचारली तर उत्तर देणारा तोच एक साक्षीदार असू शकतो. राखीव कोड कागदावर उतरवून ठेवले असतील तर ते दुसरे. नव्या फोनने एकदा पूर्ण बाहेर पडून पुन्हा आत जाता आले, आणि जुन्याला आत जाता आले नाही, की मग फोन पुसून दुकानदाराच्या हाती द्यावा.