मलपृष्ठावरील लेखकपरिचय : व्यवसाय एक, पुस्तक दुसरे

पुस्तकाच्या मलपृष्ठावर पुस्तकाविषयीचा मजकूर, किंमत, प्रकाशनचिन्ह आणि पट्टीसंकेत यांना जागा दिल्यानंतर लेखकाच्या परिचयासाठी साधारणतः साठ ते ऐंशी शब्दांचीच जागा उरते. एवढ्या शब्दांत एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते : या विषयावर लिहिण्याचा या व्यक्तीचा अधिकार कोणता? कादंबरीच्या लेखकाला हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वैचारिक किंवा माहितीपर पुस्तकाच्या लेखकाला मात्र तो प्रत्येक वाचक मनातल्या मनात विचारतो, कारण त्या पुस्तकातील विधाने त्याला खरी मानावयाची असतात.

अधिकाराचे तीन परिचित आधार आहेत : विषयातील पदवी, त्या क्षेत्रातील पद आणि आधीची पुस्तके. पहिलेच पुस्तक लिहिणाऱ्या आणि निराळ्याच व्यवसायात असणाऱ्या लेखकाजवळ यांपैकी एकही नसतो. त्याच्यापाशी चौथा आधार असतो, तो म्हणजे विषयाशी आलेला प्रत्यक्ष संबंध. त्याने काय पाहिले, किती पाहिले, किती काळ पाहिले आणि कोणत्या रीतीने टिपून ठेवले, हे सांगितल्याने हा आधार सिद्ध होतो. परिचयाची बहुतेक जागा यासाठीच राखून ठेवावी.

एक उदाहरण

सातारा जिल्ह्यातील बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, एका सहकारी बँकेतील रोखपाल महिलेने पुस्तक लिहिले आहे, अशी कल्पना करू. तिच्या परिचयाचा पहिला खर्डा असा आहे :

‘लेखिका गेली अठरा वर्षे सहकारी बँकेत रोखपाल म्हणून कार्यरत आहेत. इतिहासाचे औपचारिक शिक्षण नसतानाही, नोकरी आणि संसार सांभाळून, केवळ आवडीपोटी त्यांनी हे लेखन केले आहे. वाचन, प्रवास व छायाचित्रण हे त्यांचे छंद आहेत. हे त्यांचे पहिलेच पुस्तक.’

या खर्ड्यात एकही विधान खोटे नाही. तरीही तो वाचून पुस्तकावरील विश्वास वाढत नाही, उलट कमी होतो. याचे कारण शब्दयोजनेत आहे.

‘नसतानाही’ या रूपातील ‘ही’ पाहा. ‘पाऊस असतानाही तो आला’ या वाक्यात पाऊस असणे आणि येणे यांत विरोध आहे, हे बोलणाऱ्याने गृहीत धरलेले असते. त्याचप्रमाणे ‘शिक्षण नसतानाही लिहिले’ असे म्हटले की, असे पुस्तक खरे तर पदवीधारकानेच लिहावयाचे असते, हे गृहीत वाचकाच्या हाती आपणच देतो. ‘केवळ आवडीपोटी’ हे शब्द श्रमांना हौसेच्या पातळीवर आणून ठेवतात. ‘पहिलेच’मधील ‘च’ सूट मागतो. ‘पहिले’ एवढे म्हटल्यास ती वस्तुस्थिती राहते. छंदांचे वाक्य कोणत्याही पुस्तकाच्या मागे छापता येईल, म्हणून ते या पुस्तकाचे नव्हे. ‘गेली अठरा वर्षे’ हा उल्लेख पुस्तक छापले त्या वर्षापुरताच खरा असतो. पाच वर्षांनी प्रत हाती घेणाऱ्याला तो चुकीचा ठरतो. सर्वांत मोठी उणीव अशी की, बारव हा शब्दच संपूर्ण परिचयात नाही.

व्यवसायाची जागा

मग नोकरीचा उल्लेख गाळावा काय? गाळल्यास वाचक लेखिकेला इतिहासाची अध्यापिका समजण्याचा संभव आहे आणि तो समज मौनाने पोसणे प्रामाणिकपणाचे नव्हे. आरंभी ठेवल्यास रोखपालाने लिहिलेली नवलाची वस्तू म्हणून पुस्तकाकडे पाहिले जाते. म्हणून उल्लेख करावा, पण विषयाच्या मागून करावा आणि शक्य तर त्याला काही काम द्यावे. मराठीत मुख्य विधान वाक्याच्या अखेरच्या क्रियापदाशी बांधलेले असते. त्यामुळे नोकरी ‘असलेल्या’सारख्या विशेषणात ठेवली आणि अभ्यास क्रियापदाला जोडला, की भार योग्य ठिकाणी पडतो. सुधारलेला खर्डा असा :

‘लेखिकेने २०१२ ते २०२३ या काळात सातारा जिल्ह्यातील ६४ बारवा प्रत्यक्ष उतरून पाहिल्या आणि त्यांपैकी ४१ बारवांची मोजमापे घेतली. पाण्याच्या पातळीतील फरक टिपण्यासाठी मोजलेली प्रत्येक बारव त्यांनी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा पाहिली. डागडुजीच्या आठवणी गावोगावच्या वृद्धांकडून व पाथरवटांकडून नोंदवून घेतल्या. सहकारी बँकेत रोखपाल असलेल्या लेखिकेने ही भ्रमंती मुख्यतः सुटीच्या दिवशी केली. वास्तव्य सातारा. हे त्यांचे पहिले पुस्तक.’

येथे नोकरीने एक काम केले आहे : पाहणीला इतकी वर्षे का लागली, हे तिने सांगितले. ‘तज्ज्ञ’, ‘संशोधक’ ही विशेषणे कोठेही वापरलेली नाहीत. तो निर्णय वाचकाकडे सोपविला आहे. आकड्यांबाबत मात्र एक बंधन पाळावे. ४१ मोजमापे असे मलपृष्ठ सांगत असेल, तर पुस्तकाच्या परिशिष्टात ती ४१ सापडली पाहिजेत. जाणता वाचक प्रथम तेच ताडून पाहतो आणि तेथे तफावत आढळली, तर आतील खऱ्या विधानांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

बँकेचे नाव दिलेले नाही, हेही लक्षात घ्यावे. संस्थेचे नाव छापल्यास पुस्तकाला तिची संमती आहे असा अर्थ निघू शकतो. पदाचा उल्लेख पुरेसा असतो. शासकीय सेवेतील लेखकाने तर आपल्याला लागू असलेले आचरणनियम प्रकाशनापूर्वी पाहून घ्यावेत.

व्यवसाय खरोखरच असंबद्ध असतो काय?

भाषाविज्ञानाच्या अभ्यासात आपल्याला बेंजामिन ली व्होर्फ हे नाव भेटते. ते रसायन अभियांत्रिकीचे पदवीधर होते आणि हार्टफर्ड येथील अग्निविमा कंपनीत आगप्रतिबंधक पाहणीचे काम करीत. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक सावध असतात, पण ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बेफिकिरीने धूम्रपान करतात. वस्तुतः रिकाम्या पिंपातील वाफ अधिक घातक असते, ही त्यांची नोंद प्रसिद्ध आहे. ‘रिकामे’ या शब्दामुळे माणसे तेथे धोका नाही असे धरून चालतात, हा त्यांचा मुद्दा विमा कंपनीच्या कामातून आला. त्यांच्या परिचयात ‘विमा कंपनीत असूनही’ असे लिहिणे म्हणजे त्यांच्या सामग्रीचा उगमच झाकणे होय.

तेव्हा आपल्या नोकरीने विषयाला एखादी नोंद, ओळख किंवा सवय दिली आहे का, हे शोधावे. दिली असेल, तर ‘कामानिमित्त’ हा दुवा वापरावा. दिली नसेल, तर तो ओढूनताणून जोडू नये. रोखपालाच्या काटेकोरपणामुळे बारवांची मोजमापे अचूक झाली, असे वाक्य ऐकायला गोड असले, तरी ते सिद्ध करता येत नाही.

स्वाध्याय

आपण ज्या विषयावर पुस्तक लिहू शकाल, त्यासाठी सत्तर शब्दांचा परिचय लिहा. मग व्यवसायाचे वाक्य झाकून उरलेला मजकूर वाचा. तेवढ्यावरून पुस्तकाचा विषय आणि आपण केलेले काम कळत असेल, तर परिचय साधला. कळत नसेल, तर कोणते काम सांगावयाचे राहिले, ते प्रथम लिहून काढा.