तीस गावे, सात मुले

जैवसांख्यिकीच्या परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न असा असतो. तालुक्याची लोकसंख्या ३ लाख. १२ ते २३ महिन्यांच्या किती मुलांचे लसीकरण पूर्ण झाले आहे, याचा अंदाज हवा आहे. गावोगावची लोकसंख्या उपलब्ध आहे, पण मुलांची यादी नाही. नमुना कोणत्या पद्धतीने घ्यावा? उत्तर शोधताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: हाताशी कोणती यादी आहे आणि आकडा कोणाकोणाचा हवा आहे.

साध्या यादृच्छिक निवडीत प्रत्येक मुलाला निवडले जाण्याची समान संधी असते. सगळ्यांना क्रमांक द्यायचे आणि यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून किंवा संगणकावरून हवे तेवढे काढायचे. शाळेच्या पटाला किंवा दवाखान्याच्या केसपेपरांना ही पद्धत चपखल बसते. तालुक्यात ती यादीपाशीच अडते. अंगणवाडीचे रजिस्टर असते, पण ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांतली मुले त्यातून सहज सुटतात, आणि लस चुकण्याची शक्यता त्यांचीच जास्त. शिवाय शंभर मुले शंभर ठिकाणी विखुरलेली निघाली, तर पथकाचे दिवस रस्त्यावरच जातात.

आता प्रश्नात थोडा बदल करू. मुलांची यादी आहे, तालुक्यातली १० टक्के मुले आदिवासी पाड्यांवर राहतात आणि पाड्यांचा आकडा वेगळा हवा आहे. साध्या निवडीने २१० मुले घेतली तर पाड्यांवरची जेमतेम २१ येतील आणि त्यांचा अंदाज २० टक्क्यांहून अधिक इकडेतिकडे होऊ शकेल. इथे स्तरित पद्धत लागते. पाडे हा एक स्तर, उरलेली गावे दुसरा, आणि दोन्हींतून स्वतंत्र निवड. समजा, दोन्हींतून शंभर-शंभर मुले घेतली. पाड्यांवर ५० टक्के आणि इतरत्र ८० टक्के लसीकरण आढळले. तालुक्याचा आकडा ६५ टक्के सांगणे चूक. पाड्यांचा वाटा एक दशांशच असल्याने भारित सरासरी ७७ टक्के येते. हा भार विसरणे ही नेहमीची चूक आहे.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र समूह पद्धत, म्हणजे क्लस्टर. जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाच्या पाहणीसाठी रूढ केलेला तिचा प्रकार ३० समूह आणि प्रत्येकी ७ मुले असा आहे. गावांची यादी लिहून लोकसंख्येची चढती बेरीज करायची. ३ लाखांना ३० ने भागले की १०,००० हे अंतर मिळते. १ ते १०,००० मधला एक यादृच्छिक आकडा काढायचा, समजा ६,२४०. पहिल्या गावाची लोकसंख्या २,१००, दुसऱ्याची ३,४००, तिसऱ्याची १,८००. बेरीज २,१००, ५,५००, ७,३०० अशी चढते. ६,२४० तिसऱ्या गावात पडतो, म्हणून ते गाव निवडले जाते. पुढचे आकडे १६,२४०, २६,२४० असे. मोठ्या गावाला संधी जास्त मिळते. २८,००० वस्तीच्या तालुक्याच्या गावात तर दोन-तीन समूह पडतात.

सातचा आकडा कुठून आला? साध्या निवडीने, ९५ टक्के विश्वासपातळीवर १० टक्के इकडेतिकडे चालत असेल तर सुमारे ९६ मुले पुरतात. पण एका गावातली मुले एकमेकांसारखी असतात: तीच परिचारिका, तेच उपकेंद्र, तोच खराब रस्ता. सातवे मूल पहिल्या सहांपेक्षा फारसे नवे सांगत नाही. ही भरपाई म्हणून नमुना दुप्पट, १९२ धरतात. त्याला ३० ने भागले की ६.४, म्हणजे ७, एकूण २१०. गावे कमी करून प्रत्येकी जास्त मुले घेतली तर खर्च वाचतो, पण ही भरपाई दुपटीवर भागत नाही.

खरी गफलत गावात पोचल्यावर होते. जुन्या रीतीत मध्यभागी बाटली फिरवून दिशा ठरवत, त्या दिशेचे एक घर निवडत आणि मग शेजारचे दार, त्याच्या शेजारचे, असे सात मुलांपर्यंत जात. कडेची वस्ती सुटे, बंद घर वगळले जाई. संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने घरांची यादी करून त्यातून यादृच्छिक निवड करण्यावर भर दिला आहे.

परीक्षेत फसवणारा शब्द ‘गट’ हा असतो, कारण स्तरही गट आणि समूहही गटच. ‘प्रत्येक गटातून काही मुले’ असे म्हटले असेल तर पद्धत स्तरित. ‘काही गट निवडून त्यांतलीच मुले’ असेल तर समूह. प्रत्यक्षात दोन्ही एकत्रही येतात: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आधी ग्रामीण-शहरी असे स्तर पाडतात आणि मग त्यांतून समूह निवडतात.