अभिप्राय मागण्याची रीत

‘चार शब्द लिहून द्या,’ एवढेच म्हटले की सज्जन गिऱ्हाईकही लेखणी घेऊन अडते. समजा, अमरावतीच्या कारागिराने अकोल्यातील एका जिनिंग कारखान्याचे रेचे दुरुस्त केले. हंगामात ते आठ दिवस बिनतक्रार चालले, म्हणजे पत्र धाडावे. बिलाच्या तगाद्यासोबत मात्र नव्हे. पत्रात तीनच प्रश्न असावेत: पूर्वी काम दिवसातून किती वेळा थांबे? आता किती वेळा थांबते? नाव छापण्यास संमती आहे काय? मालकास सवड नसल्यास त्यांची तोंडी उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून दुरुस्ती व सही यांसाठी पाठवावीत. स्तुती मात्र आपण रचू नये. दहा मालकांच्या पत्रांतून एकच आवाज निघू लागला, की वाचणारा ते तत्काळ ओळखतो.