बाहेरची थंडी ओळखणारा रेडिएटर

लेक किंवा सून जर्मनीत, इंग्लंडमध्ये असेल आणि ऐन जानेवारीत तिकडे जाणे झाले, तर एक प्रश्न हमखास पडतो. बाहेर बर्फ पडतोय आणि भिंतीवरचा रेडिएटर मात्र नुसता कोमट! हिटर बिघडला म्हणून आपण काळजीत पडतो. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. तो बाहेरच्या हवेचा अंदाज घेऊन चाललेला असतो.

घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. समजा, घर २० अंशांवर ठेवायचे आहे आणि बाहेर उणे ३ आहे. फरक २३ अंशांचा. एखाद्या घराला तेव्हा ६ किलोवॉट उष्णता लागत असेल, तर बाहेर साडेआठ अंश असताना फरक निम्मा होतो आणि ३ किलोवॉट पुरतात. मग रेडिएटरमध्ये तेवढेच कढत पाणी कशाला सोडायचे? म्हणून घराच्या उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर एक सेन्सर बसवतात. तो बाहेरचे तापमान सांगतो आणि बॉयलर किंवा हीट पंप त्यानुसार पाणी किती गरम करायचे ते ठरवतो. बाहेर किती असताना पाणी किती, हे दाखवणारी रेषा म्हणजे ‘हीटिंग कर्व्ह’.

ही रेषा सरळ नसून थोडी वाकलेली का, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या उदाहरणात उणे ३ ला ४५ अंशांचे पाणी लागते असे धरू. सरळ हिशेबाने साडेआठ अंशांना साडेबत्तीस पुरायला हवे. पण रेडिएटर कोमट झाला की त्याची उष्णता देण्याची ताकद तापमानापेक्षा जास्त वेगाने घटते. म्हणून प्रत्यक्षात साडेचौतीसच्या आसपास लागते. तरीही हे ४५ पेक्षा दहा अंशांनी कमी झाले. हीट पंपाचे पाणी एक अंशाने उतरले की विजेत साधारण २ ते ३ टक्के बचत होते, म्हणजे त्या दिवशी पाचवा ते चौथा हिस्सा वीज वाचली. गॅसच्या कंडेन्सिंग बॉयलरलाही फायदा होतो. परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ पाणी होऊन आपली उष्णता परत देते.

कर्व्ह जुळवताना दोन गोष्टी हातात असतात: उतार आणि उंची. उतार वाढवला की मुख्यतः कडाक्याच्या थंडीत पाणी जास्त तापते. उंची वाढवली की प्रत्येक हवामानात सारखेच वाढते. आधी बैठकीच्या खोलीतले रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे. ते अर्धवट बंद असतील, तर कर्व्ह जास्त आहे की कमी, हे कळतच नाही; व्हॉल्व्ह चूक झाकून टाकतात. मग दोन-तीन आठवडे रोज बाहेरचे आणि खोलीतले तापमान वहीत लिहायचे. हा कंटाळवाणा भाग आहे, पण त्याला पर्याय नाही.

समजा वहीत दिसले की बाहेर १० असताना खोलीत नेमके २०, पण उणे २ ला साडेअठराच. सौम्य थंडीत बरोबर आणि कडाक्यात कमी, म्हणजे उतार कमी पडतोय. खोली एक अंशाने वर न्यायला पाणी साधारण दोन अंशांनी वाढवावे लागते. म्हणजे उणे २ ला तीन अंश जास्त मिळतील इतकाच उतार वाढवायचा. त्याने १० अंशांना खोली किंचित गरम झाली, तर उंची थोडी उतरवायची. उलट सौम्य हवेत गारठा आणि कडाक्यात ठीक असेल, तर उंची वाढवून उतार कमी करायचा. दोन्ही वेळा सारखाच गारठा असेल तर फक्त उंची. प्रत्येक बदलानंतर निदान एक-दोन दिवस थांबायचे. जाड भिंती आणि फरशीखालचे पाइप हळू प्रतिसाद देतात. दर तासाला बटणे दाबणाऱ्याच्या घरात कर्व्ह कधीच जुळत नाही.

एक गंमत म्हणजे, सकाळी ऊन पडले की घर गार पडते अशी तक्रार असेल, तर दोष कर्व्हचा नसतो. सेन्सरवर ऊन येत असते, आणि त्याला वाटते उन्हाळा आला! अशा वेळी सेन्सरची जागा बदलायची.

आंघोळीचे पाणी या कर्व्हवर चालत नाही. त्याचे तापमान वेगळे ठरवलेले असते. आणि बचतीच्या नादात किती खाली उतरावे यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात थंड व समशीतोष्ण देशांत घरात किमान १८ अंश राखावेत असे म्हटले आहे, आणि वृद्ध, लहान मुले व आजारी माणसांसाठी त्याहून जास्त लागू शकतात. सासू-सासरे हिवाळ्यात पाहुणे आले असतील, तर उंची एक-दोन अंशांनी वाढवून ठेवावी. ते परत निघाले की वहीतला जुना आकडा पुन्हा लावता येतो.