टी-शर्टची शिवण पोटावर का येते?

नवा सुती टी-शर्ट चार-पाच वेळा धुतला की बगलेतून सरळ खाली जाणारी शिवण एका बाजूने पोटावर येते आणि दुसऱ्या बाजूने पाठीकडे जाते. आपण शिंप्याला दोष देतो. पण शिवण बहुतेक वेळा सरळच मारलेली असते. तिरकं झालेलं असतं ते कापड.

शर्टाचं कापड हातमागावर किंवा यंत्रमागावर उभे-आडवे धागे घालून होतं. टी-शर्टचं होजिअरी कापड मात्र स्वेटरसारखं, टाक्यात टाका ओवून होतं. साध्या टी-शर्टच्या कापडाला धंद्यात सिंगल जर्सी म्हणतात. भिंगातून पाहिलं तर त्याच्या सुलट बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टाक्यांचे उभे रांगोळे दिसतात आणि उलट बाजूला आडव्या कमानी. शिवण तिरकी होते तेव्हा खरं तर हे उभे रांगोळेच कलंडलेले असतात.

ते कलंडतात धाग्याच्या पिळामुळे. कापसाचे तंतू आखूड असतात, पीळ दिल्याशिवाय त्यांचा धागा होत नाही. जुन्या टी-शर्टच्या कापलेल्या कडेतून एक लांब धागा काढा, ताणून धरा आणि दोन्ही टोकं हळूहळू जवळ आणा. तो मध्येच स्वतःभोवती गुंडाळला जाईल. उलगडण्याची ही ओढ प्रत्येक टाक्यात असते. मग टाका सपाट न राहता थोडा फिरतो, त्याचा एक पाय वर उचलला जातो आणि सगळा रांगोळा एकाच दिशेला झुकतो. विणाईत सर्रास वापरला जाणारा झेड पिळाचा एकेरी धागा असेल, तर सुलट बाजूने पाहताना कल उजवीकडे असतो. टाके सैल असले की त्यांना फिरायला जागा जास्त मिळते. म्हणून सूत वाचवण्यासाठी सैल विणलेलं स्वस्त कापड जास्त पिळवटतं.

यात गोल विणाई यंत्राचीही थोडी भर असते. तिरुपूरसारख्या होजिअरीच्या गावात ही यंत्रं नळीच्या आकाराचं कापड विणतात. समजा, 24 इंच व्यासाच्या यंत्रावर 72 फीडर आहेत, म्हणजे एका फेरीत 72 ओळी विणल्या जातात. सेंटिमीटरला 15 ओळी धरल्या तर एका फेरीत कापड 4.8 सेंटिमीटर वर चढतं, म्हणजे ओळी मुळातच जिन्यासारख्या चढत्या असतात. तयार नळीचा घेर साधारण दीड मीटर धरला तर हा कल दोन अंशांच्या आतच राहतो. जास्त कल आला तर तो मुख्यतः पिळाचा. 65 सेंटिमीटर लांबीच्या अंगात पाच अंशांचा कल आला, तर खालच्या कडेला शिवण साडेपाच सेंटिमीटरहून जास्त सरकते. एवढं कुणाच्याही नजरेत येतं.

मग दुकानात हे का दिसत नाही? कारखान्यात कापड ताणून, वाफ देऊन सरळ केलेलं असतं. कापूस पाणी प्यायला आणि मशीनमध्ये घुसळला गेला की टाके मोकळे होतात आणि आपल्या सोयीच्या जागी परत जातात. त्यामुळे घडी घातलेल्या शर्टावरून याची खात्री करता येत नाही. चांगले उत्पादक कापडावर चौकोन आखतात, ते धुऊन वाळवतात आणि चौकोन किती तिरका झाला ते मोजतात. इस्त्रीने शिवण सरळ केली तरी पुढच्या धुण्यात ती पुन्हा सरकते. खरा उपाय सूत निवडतानाच करावा लागतो: दोन एकेरी धाग्यांना उलट पीळ देऊन केलेलं दुहेरी सूत, किंवा एका फीडरला डावा आणि दुसऱ्याला उजवा पीळ, म्हणजे ओढी एकमेकींना मारतात. दोन्हींत खर्च वाढतो.

कडा गुंडाळण्याचं कारण याच टाक्यात आहे, पण ते पिळाचं नाही. टाक्याचे पाय कापडाच्या पुढे असतात, तर डोकं आणि तळ मागे. वाकवलेला धागा सरळ व्हायला बघतो. कापडाच्या मध्ये शेजारचे टाके त्याला रोखतात, कडेला कुणीच नसतं. म्हणून रांगोळ्यांना समांतर कापलेली कड उलट बाजूला वळते आणि ओळींना समांतर कापलेली सुलट बाजूला. टी-शर्टचा खालचा काठ बाहेरच्या बाजूला वर चढतो तो यामुळेच. गळ्याची पट्टी रिबची असते. तिच्यात एक रांगोळा सुलट, एक उलट असल्यामुळे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते आणि पट्टी सपाट राहते.

आकार बिघडण्याची गोष्ट वेगळी. कापड आडवं ताणलं की टाक्याच्या पायातला धागा कमानीत सरकतो; रुंदी वाढते, लांबी घटते. कापसात स्वतःची लवचीकता फारशी नसल्यामुळे ताण सुटला तरी टाका पूर्ण परत येत नाही. कोपर, गळा आणि पोटाशी हेच रोज घडतं. धुतल्यावर उलट प्रकार होतो: विणताना आणि रंगवताना कापड लांबीत ताणलेलं असतं, ते सुटून शर्ट आखूड आणि रुंद होतो. मशीनमधून काढलेला ओला शर्ट खांद्याला धरून हळुवार झटकावा, लांबीत थोडा ओढून शिवण जागेवर आणावी आणि शक्य असेल तर आडवा पसरून वाळवावा. हँगरवर ओला टांगला तर पाण्याच्या वजनाने खांदे आणि गळा ओघळतात. यातून लांबी-रुंदी बरीचशी आटोक्यात येते, पिळाचा कल मात्र जात नाही.